'ल' दिसला की भूतकाळ?

मराठी व्याकरणाच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आणि मार्गदर्शिका लिहिणाऱ्या सर्व मान्यवरांस,



मी तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींना मराठी शिकवतो. पोलीस भरती, तलाठी, शिक्षक पात्रता, शिवाय शिष्यवृत्तीची लहान मुले. 'पुढील वाक्याचा काळ ओळखा' हा आपला आवडता प्रश्न, आणि माझ्या वर्गातलाही. तो काढून टाका असे म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. प्रश्न चांगला आहे. तक्रार आहे ती आपण त्याचे जे उत्तर गृहीत धरता त्याबद्दल, आणि ते उत्तर पाठ व्हावे म्हणून मार्गदर्शिकांमधून जी चौकट छापली जाते तिच्याबद्दल.

ती चौकट आपल्याला ठाऊक आहेच. क्रियापदाला 'तो, ते, तात' लागले की वर्तमान, 'ला, ली, ले' लागले की भूत, 'ईन, ईल, तील' लागले की भविष्य. मागे 'त' आणि पुढे आहे, होता किंवा असेल आले की अपूर्ण. मागे 'ल' आणि पुढे तेच शब्द आले की पूर्ण. 'असे', 'असतो' किंवा 'जाईन' आले की रीती. तीन काळ, प्रत्येकाचे चार उपप्रकार, एकूण बारा घरे. 'मी आंबा खातो'पासून 'मी आंबा खात जाईन'पर्यंत तोच एक आंबा सगळी घरे फिरून येतो. पहिल्या ओळखीसाठी हे ठीक आहे, मीही तिथूनच सुरुवात करतो. पण प्रत्ययावरून कळते ते क्रियापदाचे रूप. त्या रूपाने वाक्यात कोणता काळ दाखवला आहे, हे पुष्कळदा उरलेले वाक्य सांगते. आपल्या प्रश्नांत ते उरलेले वाक्यच नसते.

भूतकाळापासूनच सुरू करतो, कारण गोंधळ सर्वांत जास्त तिथे आहे.

घरी पाहुणे येण्याचा प्रसंग घ्या. 'पाहुणे आले', 'पाहुणे आले आहेत' आणि 'पाहुणे आले होते' ही तीन वाक्ये चौकटीप्रमाणे साधा भूत, पूर्ण वर्तमान आणि पूर्ण भूत अशी बसतात. तिन्हींत 'आले' तेच आहे आणि येण्याची क्रिया तिन्हींत संपलेली आहे. मग फरक कशाचा? खिडकीतून रिक्षा थांबलेली पाहून मुलगा ओरडतो, "आई, पाहुणे आले!" पाहुण्यांचा पाय अजून उंबऱ्याला लागलेला नसतो, तरी हे वाक्य बरोबर असते. आई शेजारणीला म्हणते, "आत्ता नको, पाहुणे आले आहेत." म्हणजे ते आत बसलेले आहेत आणि चहा टाकायचा आहे. संध्याकाळी वडील जास्तीच्या कपबश्या पाहून विचारतात, तेव्हा ती सांगते, "पाहुणे आले होते." म्हणजे आले आणि गेले. त्यांच्या जाण्याबद्दल वाक्यात एक अक्षर नाही. ते काम एकट्या 'होते'ने केले.

हे मराठी घरातल्या प्रत्येक मुलाला न शिकवता येते. 'आहे' लावले की क्रियेचा परिणाम अजून समोर आहे, आणि 'होता' लावले की तो परिणाम पुसला गेला किंवा ती गोष्ट आता मागे पडली. पण मार्गदर्शिका उघडली की पूर्ण भूतकाळाची व्याख्या अशी दिसते: भूतकाळात दोन क्रिया घडल्या असतील तर आधी घडलेली क्रिया पूर्ण भूतकाळात येते. डॉक्टर येण्यापूर्वी रोगी दगावला होता, गाडी सुटल्यावर आम्ही पोचलो होतो, अशी उदाहरणे. हा नियम इंग्रजी व्याकरणाच्या तासावरून उचललेला आहे. डॉक्टरच्या वाक्यात तो लागूही पडतो. गाडीच्या वाक्यात मात्र उलटाच लावला गेला, कारण आधी सुटली ती गाडी आणि 'होतो' लागले ते पोचण्याला! शिवाय "मी काल बाजारात गेलो होतो" यात दुसरी क्रिया कुठे आहे? माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीने चाचणीत या वाक्याला 'साधा भूतकाळ' लिहिले. कारण विचारले तर म्हणाली, "सर, यात एकच घटना आहे." तिने पुस्तकातली व्याख्या प्रामाणिकपणे लावली आणि गुण गमावला. चूक तिची म्हणायची का?

म्हणून माझी पहिली विनंती: पूर्ण भूतकाळाची ती दोन घटनांची व्याख्या काढून टाका, आणि तिच्या जागी आले, आले आहेत, आले होते ही तीन वाक्ये शेजारी-शेजारी छापा.

आता 'ल'कडे वळतो. या प्रत्ययाला आपण भूतकाळाचा शिक्का मानतो, पण तो मुळात काळाचा नाहीच. संस्कृतातली 'गत', 'कृत' ही विशेषणासारखी चालणारी रूपे प्राकृतातून येताना त्यांना 'इल्ल' हा प्रत्यय जोडला गेला आणि त्यातून आपले 'गेला', 'केला' घडले. विशेषणाचे वळण अजून त्यांच्यात आहे. म्हणून तर 'खाल्ला, खाल्ली, खाल्ले, खाल्ल्या' अशी लिंगवचनाची रूपे होतात, आणि म्हणूनच 'सीतेने आंबा खाल्ला'मधले क्रियापद सीतेकडे न पाहता आंब्याकडे पाहते. विशेषण सांगते ती स्थिती: क्रिया पुरी झालेली आहे. ती कधी पुरी झाली, हे त्याच्या अखत्यारीत नाही. खालून हाक आली की आपण "आलो, आलो!" म्हणतो, तेव्हा आपण वरच असतो. "निघालो" म्हणणारा माणूस अनेकदा अजून चप्पल शोधत असतो. 'उचलली जीभ लावली टाळ्याला' यात कुणाची जीभ काल किंवा परवा उचलली गेलेली नाही. ही सगळी 'ल'ची रूपे आहेत, आणि यातले एकही सरळपणे भूतकाळ सांगत नाही.

'तो खुर्चीवर बसला आहे' हे वाक्य प्रश्नपत्रिकेत हमखास येते. उत्तर: पूर्ण वर्तमानकाळ. रूप म्हणून बरोबर. पण मुलांना विचारा, तो आत्ता काय करतोय? बसलाय! 'बसत आहे' म्हटले तर तो अजून टेकलेलासुद्धा नाही. बसणे, झोपणे, उभे राहणे, नेसणे, घालणे या क्रियापदांत क्रिया संपते आणि तिच्यातून आलेली स्थिती चालू राहते. 'तिने हिरवी साडी नेसली आहे' म्हणजे साडी आत्ता अंगावर आहे, तर 'साडी नेसत आहे' म्हणजे निऱ्या अजून हातात आहेत. विद्यार्थ्याने 'बसला आहे'ला अपूर्ण वर्तमान म्हटले तर ते चूकच, पण ती चूक भाषा न कळल्यामुळे होत नाही, 'पूर्ण' या नावामुळे होते. पूर्ण काय झाले ते आपण कधी सांगतच नाही. मार्गदर्शिकेत त्यासाठी दोन ओळी पुरतील.

कर्म आणि कर्ता यांच्याबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण 'काळ बदला' हा प्रश्न तिथे अडकतो. 'सीता आंबा खात होती' याचा पूर्ण भूतकाळ करायचा तर केवळ क्रियापद बदलून भागत नाही. सीतेला 'ने' लागतो आणि क्रियापद आंब्याचे होते: 'सीतेने आंबा खाल्ला होता'. मार्गदर्शिकेच्या चौकटीत मात्र 'मी' हाच कर्ता सगळीकडे असतो. 'मी'ला 'ने' लागलेला दिसत नाही, त्यामुळे ही उलथापालथ झाकली जाते. मग मुले 'सीता आंबा खाल्ली होती' लिहितात, किंवा भविष्यात 'मी आंबा खाल्ला असेन', ज्यात अर्धे क्रियापद आंब्याचे आणि अर्धे माझे! शिवाय बोलणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदे कर्म घेऊनही कर्त्याचीच राहतात: 'ती मराठी शिकली', 'तो छत्री विसरला'. अशा चार-सहा क्रियापदांची यादी पाठ करण्याजोगी आहे, आणि मुलांकडून पाठ करून घ्यायची तर मला वाटते बारा घरांआधी हीच घ्यावी.

आता सर्वांत जास्त गुण बुडवणारे घर: पूर्ण भविष्यकाळ. प्रश्न असा येतो: "तो घरी पोचला असेल. काळ ओळखा." उत्तरपत्रिकेत 'पूर्ण भविष्यकाळ'. मी स्वतःला मराठी बोलणारा माणूस समजतो आणि हे वाक्य वाचून माझ्या डोक्यात भविष्य येतच नाही. मुलगा सहाच्या बसने निघाला, आता आठ वाजलेत, आई म्हणते, "पोचला असेल." हा अंदाज आहे आणि तो होऊन गेलेल्या गोष्टीचा आहे. 'ती आत्ता अभ्यास करत असेल' हा आत्ताच्या क्षणाचा अंदाज आहे. 'काल रात्री पाऊस पडला असेल' हा कालचा, आणि यातही 'असेल'च आहे. भविष्य हवे असेल तर वाक्याने ते सांगायला हवे: 'उद्या या वेळेला तो घरी पोचला असेल.' इथे 'उद्या'ने काळ ठरवला. 'असेल' दोन्हीकडे सारखाच आहे, आणि रोजच्या बोलण्यात तो अंदाजासाठीच जास्त वापरला जातो. संदर्भ नसलेल्या वाक्यातून काळ ओळखायला सांगणे म्हणजे परीक्षार्थ्याला प्रश्नकर्त्याच्या मनात काय होते ते ओळखायला सांगणे. पोलीस भरतीत एका गुणाने यादीबाहेर राहणारी मुले असतात. त्यांना हा एक गुण कसा गेला ते मी समजावू शकत नाही.

माझी दुसरी विनंती इथली आहे. 'असेल', 'असतील' असलेली वाक्ये विचारायची तर त्यात उद्या, आत्ता, काल असा काळाचा शब्द ठेवा. शब्द ठेवायचा नसेल तर 'क्रियापदाचे रूप ओळखा' असे विचारा, काळ विचारू नका.

नकाराची वाक्ये तर विचारूच नयेत, किंवा विचार करून विचारावीत. 'तो शाळेत जातो' याचा नकार 'तो शाळेत जात नाही'. 'तो शाळेत जात आहे' याचाही नकार 'तो शाळेत जात नाही'. होकारात दोन घरे होती, नकारात एकच उरले. एका चाचणीत हेच वाक्य देऊन पर्यायांत साधा आणि अपूर्ण वर्तमान दोन्ही ठेवलेले मी पाहिले आहे. 'गेलो' आणि 'गेलो आहे' यांचेही तसेच. दोघांना 'गेलो नाही' चालते, फारच स्पष्ट करायचे असेल तर 'गेलेलो नाही'. गंमत म्हणजे साधा भूत सोडला तर भूतकाळाच्या बाजूला ही अडचण येत नाही. 'जात नव्हतो', 'गेलो नव्हतो', 'जात नसे' ही तिन्ही वेगळी राहतात. म्हणजे नकाराचेच वाक्य हवे असेल तर ते तिकडचे घ्या, उत्तर एकच येईल.

रीती भूतकाळाबद्दल माझ्या मनात राग नाही, करमणूकच जास्त आहे. चौकटीत त्याचे रूप 'जात असे' एवढेच. पण कादंबऱ्या आणि आठवणी वाचणाऱ्या मुलाला 'आजी पहाटे उठे, दळण दळी, ओव्या म्हणे' असे भेटते, आणि घरात आई सांगते, "आम्ही विहिरीवर पोहायला जायचो." 'उठे', 'जात असे', 'जायचो' ही तिन्ही रीती भूतकाळाची रूपे आहेत आणि शेवटचे आज सर्वांत जास्त बोलले जाते. आपल्या चौकटीत त्याला जागा नाही. त्याशिवाय 'आम्ही दर उन्हाळ्यात कोकणात जात होतो' हेही आहे, ज्याचे रूप अपूर्ण भूताचे पण अर्थ रीतीचा. हे वाक्य पर्यायी प्रश्नात आले तर 'दर उन्हाळ्यात' पाहायचे की 'जात होतो', हे मुले मला विचारतात. मी म्हणतो, पेपर कोणी काढला आहे त्यावर आहे.

आणि 'उठे', 'करी' यांची दुसरी अडचण. जुन्या मराठीत हीच रूपे वर्तमानकाळाची होती. ज्ञानेश्वरीतला 'करी' म्हणजे 'करतो'. म्हणींमध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. 'दाम करी काम', 'देव तारी त्याला कोण मारी'. ज्या मुलाला आपण 'ई किंवा ए दिसला की रीती भूतकाळ' असे शिकवले, त्याच्या मते देव पूर्वी तारत असे आणि आता त्याने ते बंद केले आहे. तसेच 'दार उघडेना', 'तो ऐकेना' ही रूपे. ती याच 'ई'ची नकारार्थी भावंडे, पण त्यांचा अर्थ 'सवय नव्हती' असा नसून 'काही केल्या होत नाही' असा आहे.

आपली चौकट आणि मुलांचे बोलणे यांत केवढे अंतर आहे, हेही सांगायला हवे. 'मी जात आहे' असे माझ्या गावात कोणी म्हणत नाही. 'जातोय' म्हणतात. हे 'जातो आहे'चे आटलेले रूप. पण प्रत्ययाकडे पाहणारे मूल त्यातला 'तो' पाहून साधा वर्तमान लिहिते. 'केलंय', 'गेलीय' ही पूर्ण वर्तमानाची रूपे आहेत, हे सांगावे लागते. पश्चिम महाराष्ट्रातल्या माझ्या मुलांच्या तोंडी 'गेल्तो', 'आल्ता' असते. 'गेलो होतो', 'आला होता' यांची ही जोडरूपे, म्हणजे अस्सल पूर्ण भूतकाळ, आणि शेवटी दिसतात 'तो' आणि 'ता'! या मुलांना पूर्ण भूतकाळ घरूनच येतो. आपण त्यांना फक्त एवढे सांगायचे असते की तुझा 'गेल्तो' पुस्तकात 'गेलो होतो' म्हणून येतो. हे एक वाक्य मी अजून कुठल्या मार्गदर्शिकेत वाचलेले नाही.

'मी जाणार होतो' हे वाक्य बाराच्या तक्त्यात कुठे बसते, हेही कधी तरी कळवावे. 'होतो' भूताचे, 'णार' भविष्याचे, आणि जाणे झालेलेच नाही. मुले हे वाक्य दिवसातून दहादा बोलतात आणि परीक्षेत त्याला घर नाही.

यातले काही मी नवीन सांगत नाही. आपल्या जुन्या वैयाकरणांनी रूप आणि काळ यांतला हा फरक फार पूर्वी ओळखला होता. त्यांनी क्रियापदांच्या रूपांना काळाची नावे न देता प्रत्ययांची दिली: प्रथम ताख्यात, द्वितीय ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ई-आख्यात, ऊ-आख्यात, ई-लाख्यात. 'लाख्यात' म्हणजे ज्याच्या शेवटी 'ल' आहे ते आख्यात. बस, एवढेच. त्याने भूतकाळच दाखवला पाहिजे असा हट्ट नाही. दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले आणि मो. रा. वाळंब्यांच्या पुस्तकातून ही नावे आजही मुलांपर्यंत पोचतात. पण आपल्या प्रश्नपत्रिकांत आख्याते एका कोपऱ्यात एका गुणासाठी पाठ करायची आणि काळ दुसऱ्या कोपऱ्यात, जणू त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. आख्यात रूप सांगते आणि काळ अर्थ सांगतो, ही दोन कामे एकाच पानावर समोरासमोर ठेवली तर वर लिहिलेला निम्मा गोंधळ उरणार नाही. नावे अवघड आहेत असा आक्षेप येईल. 'ल-रूप', 'ईल-रूप' म्हणा, माझी हरकत नाही.

तेव्हा शेवटची विनंती प्रश्नाच्या भाषेबद्दल. एकाच वाक्यावर दोन प्रश्न विचारा. समजा वाक्य आहे: "थांब, मी आलोच." पहिला प्रश्न: क्रियापदाचे रूप कोणते? उत्तर: 'ल'चे. दुसरा प्रश्न: क्रिया कोणत्या काळी घडणार आहे? उत्तर: लवकरच, म्हणजे भविष्यात. याला वेळ जास्त लागत नाही, पर्यायही चार देता येतात, आणि तपासणाऱ्याला मशीनही चालते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येते त्याला मराठी येते, हे आपल्याला खात्रीने म्हणता येईल.

पुढच्या आवृत्तीचे काम आता सुरू होत असेल. 'होत असेल' हा माझा अंदाज आहे, भविष्यकाळ नव्हे. चौकटीतली 'पूर्ण भूत' आणि 'पूर्ण भविष्य' ही दोन घरे तरी या वेळी नव्याने लिहावीत. उदाहरणवाक्ये हवी असतील तर माझ्या वर्गाच्या वह्यांत भरपूर आहेत. मागितलीत तर पाठवून देईन.



आपला विश्वासू,
तालुक्याच्या गावचा एक मराठी शिक्षक